छातीतील झटका केव्हा थांबवावा?

समजा, पंचवटीतील एका सत्तरीच्या गृहस्थांच्या छातीत कातडीखाली डिफिब्रिलेटर बसविलेला आहे. हृदयाची लय घातक रीतीने बिघडली की हे यंत्र आतून विजेचा झटका देऊन ती ताळ्यावर आणते. पण आता हृदयच पार थकले आहे. पाय सुजतात, आडवे पडताच धाप लागते. लघवी वाढविणारी औषधे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली अल्प मात्रेत मॉर्फिन, यांनी ती धाप पुष्कळ सुसह्य होते. यंत्राचे काय? अंतकाळी लय बिघडली, तर ते झटक्यामागून झटका देईल. छातीवर लाथ बसावी तसा तो लागतो, आणि त्यातून हाती काही येत नाही.

झटका बंद करण्यास चिरफाड नको. तंत्रज्ञ बाहेरूनच, न दुखविता, तो बंद करतो. त्याने लगेच मृत्यू येत नाही, कारण ठोक्यांना आधार देणारा पेसमेकरचा भाग चालूच ठेवता येतो. आयत्या वेळी डॉक्टरांनी छातीवर चुंबक ठेवल्यास बहुतेक यंत्रांचे झटके तेवढ्यापुरते थांबतात.

अडते ते बोलण्यापाशी. घरची मंडळी म्हणतात, "त्यांना काही सांगू नका." मग संमती कोणाची घ्यावयाची? शुद्ध असतानाच डॉक्टरांनी विचारावे, "काका, आजाराविषयी आपल्याला किती ऐकायचे आहे?" हा आजार चढउताराचा, नेमकी मुदत सांगता येत नाही. "काही महिने, कदाचित आठवडेच," एवढे सांगणे मात्र प्रामाणिकपणाचे. उपचार नाकारण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलेलाच आहे.

आणखी एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगून ठेवावी: दहनापूर्वी हे यंत्र काढावे लागते, नाही तर चितेत ते फुटते.