फुग्यात मावेल एवढंच बोला

कादंबरीच्या अनुवादकाला अडलंच तर तळटीप देता येते, वाक्य दीड ओळ लांबलं तरी चालतं. कॉमिक्सच्या अनुवादकाला ही चैन नाही. चित्र झालेलं असतं, पात्रांचे चेहरे ठरलेले असतात आणि मूळ भाषेच्या मापानं काढलेला फुगा रिकामा करून त्याच्या हाती दिलेला असतो.

मराठीला हा फुगा जरा जास्तच काचतो. इंग्रजी कॉमिक्समध्ये बहुधा सगळी अक्षरं कॅपिटल, एका उंचीची, त्यामुळे ओळीखाली ओळ दाटून बसते. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. म्हणजे ओळींत अंतर हवंच. अक्षर बारीक करावं, तर पात्र कुजबुजतंय असं वाटतं.

मग छाटणी करायची. समजा, दार उघडून फसलेल्या मित्रावर कुणी ओरडतोय. ‘मी तुला ते दार उघडू नकोस म्हणून सांगितलं होतं!’ हे अचूक आहे, पण मावत नाही. ‘दार उघडू नको म्हटलं होतं ना!’ हे बसतं. फुगा आणखी लहान असेल, तर दार चित्रात दिसतंच आहे: ‘म्हटलं होतं ना!’ जे चित्र सांगतं ते फुग्यातून काढता येतं. तो ‘ना’ मात्र काढायचा नाही, सगळा वैताग त्यातच आहे.

विनोदाला ही कात्री पुरत नाही. गोसिनी आणि युदेर्झो यांच्या फ्रेंच ‘ॲस्टेरिक्स’चा इंग्रजी अनुवाद अँथिया बेल आणि डेरेक हॉकरिज यांनी केला. ब्रिटनवारीच्या भागात बाजारातल्या खरबुजावर एक विनोद आहे. फ्रेंचमध्ये ‘मेलॉं’ म्हणजे खरबूज, आणि इंग्रज साहेबाची गोल टोपीसुद्धा. इंग्रजीत हा दुहेरी अर्थ नाही, आणि चित्रातलं खरबूज तर पुसता येत नाही. म्हणून अनुवादकांनी टोपी सोडली आणि खरबूज धरून ठेवलं. जुन्या वळणाचे इंग्रज दोस्ताला लाडानं ‘ओल्ड फ्रूट’ म्हणत. खरबुजाच्या तक्रारीला उत्तर देताना नेमकं हेच संबोधन घातलं. शब्द वेगळे, पण चित्र, फळ आणि इंग्रजांची टिंगल, तिन्ही शाबूत. हे आपल्याला सुचायला हवं होतं, असं गोसिनी म्हणाल्याचं बेल सांगत.

दरवेळी अशी लॉटरी लागत नाही. कोटी त्या चौकटीत जमेना, तर ते दोघं ती सोडून देत आणि जवळपास दुसरीकडे, चित्र वाव देईल तिथे, मुळात नसलेली एखादी घालून भरपाई करत. मूळ प्रत शेजारी ठेवून चुका काढणाऱ्याला तिथे ‘हे मुळात नाही’ असं म्हणता येईल. त्याचं म्हणणं खरं असेल, पण हसणारा वाचक मूळ प्रत उघडून बसलेला नसतो.