शिऱ्यात गाठी का होतात? तूप, पाणी आणि भाजणीचं गणित

शिऱ्यात गाठ झाली की दोष ढवळण्याला दिला जातो. बहुतेक वेळा चूक त्याआधीच झालेली असते.

रव्याच्या कणात स्टार्च असतं. गरम पाणी लागलं की ते फुगतं आणि चिकट होतं. कोरडे कण एकमेकांना खेटून असतील, तर बाहेरचे कण आधी फुगून चिकटतात आणि आतल्यांपर्यंत पाणीच पोहोचत नाही. ही झाली गाठ. ती फोडून पाहिली तर आत कोरडा रवा सापडतो. तुपाचं काम इथेच असतं. प्रत्येक कणावर तुपाचा पातळ थर बसला, की कण सुटे राहतात आणि पाणी सगळ्यांना सारखं मिळतं.

एक वाटी जाड रव्याला पाऊण वाटी तूप, अडीच वाट्या पाणी किंवा दूध आणि पाऊण वाटी साखर घ्यावी. रवा बारीक असेल तर पाणी दोन वाट्या पुरतं. सत्यनारायणाच्या प्रसादात रवा, तूप, साखर सगळं सव्वाच्या समान मापात असतं, म्हणून तो शिरा क्वचितच गाठाळतो. तूप पाव वाटीवर आणलं तर मात्र गाठींचा धोका वाढतो.

रवा मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजावा. आधी तो तुपात जड, ओल्या वाळूसारखा लागतो. झाला की उलथनं हलकं फिरतं, कडेला तूप सुटतं आणि खमंग वास येतो. रंग फार गडद होण्याची वाट पाहू नये.

पाणी उकळतंच हवं. गार पाण्याने कढई निवते आणि रवा भिजून लगदा होतो. आच बारीक करून पाणी दोन-तीन वेळा घालावं आणि ढवळत राहावं; वाफ अंगावर येते, हात जपावा. मग झाकण ठेवून चार मिनिटं थांबावं. एक कण दाताखाली धरून पाहावा. कचकच लागली तर गरम पाण्याचा हबका मारून पुन्हा झाकावं.

साखर त्यानंतरच. साखर पाणी ओढून घेते, त्यामुळे ती आधी पडली तर कण नीट फुगत नाहीत. गाठी दिसल्याच तर त्या साखरेआधी, गरम असतानाच पळीच्या पाठीने दाबून फोडाव्यात.

सावनेर, काटोल हा संत्र्यांचा पट्टा. तिथे संत्र्याचा शिरा करायचा तर एक वेगळीच फसगत होते. दुधात शिजवलेल्या रव्यात रस घातला की दूध फाटतं, आणि त्या कण्या गाठींसारख्या दिसतात. असा शिरा पाण्यातच शिजवावा. रस पाव वाटी, तोही गॅस बंद केल्यावर घालावा. तेवढं पाणी आधीच कमी घ्यावं. नागपुरी संत्र्याचा रस फार तापवला तर कडवटपणा उतरतो.