विश्लेषण : साखर १६८, तरी डॉक्टर म्हणतात ‘ठीक आहे’, शस्त्रक्रियेच्या वेळी नेमकी किती साखर हवी?

शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या आईची साखर १६८ आली आणि डॉक्टर ‘ठीक आहे’ म्हणून पुढच्या खाटेकडे गेले. घाटकोपर असो वा बोरिवली, वॉर्डबाहेर थांबलेल्या मुलांना हा निष्काळजीपणा वाटतो. प्रत्यक्षात रुग्णालयातील साखरेचे गणित घरापेक्षा वेगळे असते.

किती साखर योग्य?

अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शस्त्रक्रियेच्या आसपास साखर १०० ते १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, तर अतिदक्षता विभागात बहुतेक रुग्णांची १४० ते १८० असावी. साखर सतत १८० च्या वर राहिली तर संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, जखम चिघळण्याचा धोका वाढतो.

मग आणखी खाली का आणत नाहीत?

हा प्रयोग झाला आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नाइस-शुगर’ चाचणीत अतिदक्षता विभागातील ६,१०४ रुग्णांचा समावेश होता. एका गटाची साखर ८१ ते १०८ मध्ये ठेवण्याचा प्रयत्न झाला, दुसऱ्या गटात १८० पर्यंत चालवून घेतली गेली. ९० दिवसांत कडक नियंत्रणाच्या गटात २७.५ टक्के, तर दुसऱ्या गटात २४.९ टक्के रुग्ण दगावले. साखर ४० किंवा त्याखाली घसरण्याचे प्रमाण ६.८ टक्के विरुद्ध ०.५ टक्के होते. शिवाय साखर उतरली की एरवी घाम येतो, हात थरथरतात. भूल दिलेल्या रुग्णात हे काहीच कळत नाही.

किती वेळा तपासायची?

ते रुग्ण खातो की नाही यावर ठरते. जेवत असेल तर प्रत्येक जेवणाआधी आणि झोपताना. उपाशी असेल तर दर ४ ते ६ तासांनी. शस्त्रक्रियेच्या दिवशी दर २ ते ४ तासांनी. शिरेतून इन्सुलिन सुरू असेल तर अर्ध्या ते दोन तासांनी.

प्रत्यक्षात हे कसे चालते?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मुलुंडच्या ५८ वर्षांच्या बाईंची गुरुवारी पित्ताशयाची शस्त्रक्रिया आहे. त्या मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन आणि रात्री २० युनिट ग्लार्जिन इन्सुलिन घेतात. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ७.६ आहे. शक्य असल्यास ती ८ च्या खाली असावी, त्यामुळे तारीख पुढे ढकलावी लागत नाही.

डापाग्लिफ्लोझिनची शेवटची गोळी रविवारी. त्यानंतर तीन दिवस बंद. बुधवारी रात्री इन्सुलिन बंद नाही, पण २० ऐवजी १६ युनिट. गुरुवारी सकाळी मेटफॉर्मिन नाही. सहा वाजता साखर १३२, दहाला १५८. शस्त्रक्रियेनंतर दोन वाजता २०४ येते, कारण शरीरावरील ताणामुळे साखर चढते. इन्सुलिनचा छोटा डोस दिला जातो. सहा वाजता १६४. रात्री जेवण सुरू झाले की तपासणी पुन्हा जेवणाआधी.

तीन दिवस आधी गोळी का थांबवायची?

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. उपवास आणि शस्त्रक्रियेच्या ताणात शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन आम्ले साठतात. गोळीमुळे साखर मात्र फारशी वाढलेली दिसत नाही, म्हणून ग्लुकोमीटरवर भरवसा ठेवला तर निदान चुकते. मळमळ, पोटदुखी, धाप ही लक्षणे असतील तर कीटोनची तपासणीच करावी लागते. ही गोळी हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी दिली असली, तरी ती चालू असल्याचे भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवे.

चूक कुठे होते?

पहिली चूक बोटात. फळ सोललेला हात न धुता थेंब घेतला, किंवा ग्लुकोजचे सलाइन चालू असलेल्या हातातूनच रक्त घेतले, तर आकडा खोटा चढतो. त्यावर इन्सुलिन दिले की खरी साखर धोकादायक उतरते. आकडा अनपेक्षित असेल तर दुसऱ्या हातातून पुन्हा तपासावे.

दुसरी चूक डब्यात. जेवणाआधीचे इन्सुलिन दिले गेले आणि घरचा डबा लोकलच्या गर्दीत अडकला, की तासाभरात साखर ७० खाली येऊ शकते. म्हणून डबा समोर आल्यावरच इन्सुलिन द्यायला परिचारिकेला सांगावे. साखर ७० खाली गेलीच आणि रुग्ण शुद्धीत असून गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यातून द्यावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. रुग्ण उपाशी ठेवलेला असेल तर मात्र तोंडाने काही न देता लगेच परिचारिकेला बोलवावे. ग्लुकोज शिरेतून दिले जाते.

गोळ्या-इन्सुलिनचे डोस प्रत्येकाचे वेगळे असतात. दाखल होण्याच्या किमान आठवडाभर आधी सर्व औषधांची यादी भूलतज्ज्ञांना दाखवून कोणते, कधी थांबवायचे हे लिहून घ्यावे.