केस अहवालासाठी मुदतवाढ मागणारे पत्र

एमबीएच्या विद्यार्थ्याच्या केस अहवालाला दोन मुदती असतात. एक सूचनाफलकावर लावलेली, म्हणजे अहवाल जमा करण्याची. दुसरी कुठेच लिहिलेली नसते, पण खरी पक्की तीच : वर्गात त्या केसवर चर्चा होण्याची वेळ. चर्चा सुरू झाली की तासाभरात पर्याय, आकडे आणि शिफारशी फळ्यावर उतरतात. त्यानंतर आलेला अहवाल स्वतः विचार करून लिहिलेला आहे की वर्गात ऐकून, हे कुणालाच सांगता येत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलने १९२० च्या दशकात कायद्याच्या शिक्षणातून उचललेली ही पद्धत चर्चेवरच उभी आहे. त्यामुळे मुदतवाढीचे पत्र वाचताना प्राध्यापकाच्या मनात पहिला प्रश्न असतो तो चर्चेच्या तारखेचा. आजारपण खरे की खोटे, हे त्यानंतर येते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याने शीतगृह बांधावे की भाड्याने घ्यावे, अशी केस आहे. अहवाल शुक्रवारी पाचपर्यंत द्यायचा आहे, चर्चा सोमवारी सकाळी दहाला. सोमवारपासून तापाने पडलेला विद्यार्थी बुधवारी लिहितो : ‘सर, तब्येत बरी नसल्यामुळे अहवाल पूर्ण होऊ शकला नाही. कृपया थोडी मुदत द्यावी, ही नम्र विनंती.’ नम्रतेत काही कमी नाही. पण ‘थोडी’ म्हणजे किती आणि ‘पूर्ण नाही’ म्हणजे काय बाकी, हे सरांनीच उलट विचारायचे. अशी चार पत्रे आली तर एखाद्याचे उत्तर राहूनच जाते.

तेच पत्र असेही लिहिता येते :

‘विषय : बेदाणा शीतगृह केस अहवाल रविवारी सायंकाळी सहापर्यंत सादर करण्यास परवानगी मिळणेबाबत

आदरणीय सर,

मी प्रथम वर्ष, ब तुकडी, हजेरी क्रमांक ३४. सोमवारपासून ताप असल्याने तीन दिवस काम थांबले. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. परिस्थितीचे विश्लेषण आणि खर्चाचे गणित झाले आहे. तो कच्चा मसुदा सोबत आहे. पर्यायांची तुलना, शिफारस आणि अंमलबजावणीचा आराखडा बाकी आहे. रविवारी सायंकाळी सहापर्यंत, म्हणजे सोमवारच्या चर्चेपूर्वी, पूर्ण अहवाल देऊ शकेन. उशिराचे गुण कापण्याचा नियम असल्यास तो मान्य आहे.

आपला विद्यार्थी’

या पत्राला खरे वजन येते ते जोडलेल्या मसुद्यामुळे. त्यात व्यापाऱ्याचा हिशेब दिसतो : स्वतःच्या शीतगृहाचा वर्षाचा ठरीव खर्च १२ लाख रुपये, वर किलोमागे २ रुपये, भाड्याने घेतल्यास किलोमागे ६ रुपये. किलोमागे वाचणाऱ्या ४ रुपयांतून १२ लाख भरून निघायला ३ लाख किलो, म्हणजे ३०० टन माल लागतो, आणि व्यापाऱ्याकडे आहे २२० टन. एवढे करून थांबलेल्या विद्यार्थ्याला भाड्याचा पर्याय आज स्वस्त आहे हे कळले आहे. माल वाढला तर काय, हा पुढचा प्रश्न त्याला सोडवायचा आहे. दोन दिवस कशाला हवेत, हे प्राध्यापकाला न विचारता समजते. उलट, मसुदा म्हणून नुसते मुखपृष्ठ आणि केसमधल्या गोष्टीचा सारांश जोडला, तर काम सुरूच झालेले नाही हेही तितक्याच लवकर कळते.

कारण एका वाक्यात पुरते. तापाचे अंश आणि रक्ततपासणीचे आकडे लिहायची गरज नसते, आणि आधीच्या आठवड्यात वेळ का मिळाला नाही याची कैफियत तर टाळलेलीच बरी.

गटाचा अहवाल असेल तर गोष्ट थोडी अवघड होते. चौघांपैकी एक आजारी पडला म्हणून सगळ्यांना मुदत मागताना उरलेल्या तिघांनी काय केले, हा प्रश्न येणारच. अशा वेळी पत्र गटप्रमुखाने लिहावे, प्रत सगळ्यांना पाठवावी आणि कुणाचा कोणता भाग अडला आहे ते नाव घेऊन सांगावे.

मुदतवाढ देणे दर वेळी प्राध्यापकाच्या हातात असतेच असे नाही. अंतर्गत गुण विद्यापीठाकडे भरण्याची तारीख जवळ आली असेल तर त्यांची इच्छा असूनही काही करता येत नाही. चर्चा होऊन गेल्यावर मुदत मागायची वेळ आलीच, तर त्याच धड्यावरची दुसरी केस देण्याची विनंती जास्त रास्त ठरते. जुन्याच केसवरचा अहवाल तेव्हा तपासण्याजोगा राहिलेला नसतो.

पत्राला उत्तर आले नाही, तर परवानगी मिळाली असे धरता येत नाही. शुक्रवारी दुपारी सरांना प्रत्यक्ष भेटून विचारावे. तेही जमले नाही, तर पाचच्या आत जेवढे तयार आहे तेवढे, ‘अपूर्ण’ असे ठळक लिहून, जमा करावे.