पाचव्या ओळीतलं शून्य

एनसीईआरटीच्या पुस्तकामुळे बारावीच्या पोरांना ठाऊक झालेलं एक गणित आहे. पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश रुबिडियमवर पाडला, तर सुटलेले इलेक्ट्रॉन अडवायला किती व्होल्ट लागतात? कोष्टकात पाच तरंगलांबी दिल्या आहेत: ३६५०, ४०४७, ४३५८, ५४६१ आणि ६९०७ अँगस्ट्रॉम. त्यांची स्टॉपिंग पोटेन्शियल अनुक्रमे १.२८, ०.९५, ०.७४, ०.१६ आणि ० व्होल्ट. मोबाइलवरच्या फोटोत एखादा आकडा पुसट आला तरी बिघडत नाही, कारण पाऱ्याच्या प्रकाशरेषा ठरलेल्याच असतात. हिरवी रेषा ५४६१, म्हणजे ५४६१च.

प्रकाशाच्या प्रत्येक कणाकडे वारंवारतेच्या प्रमाणात ऊर्जा असते. त्यातली काही ऊर्जा इलेक्ट्रॉनला धातूतून सोडवण्यात खर्च होते, तेच वर्क फंक्शन. उरलेल्या ऊर्जेवर इलेक्ट्रॉन धावतो. सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनलाही थोपवणारं उलटं व्होल्टेज म्हणजे स्टॉपिंग पोटेन्शियल. आइन्स्टाइननं १९०५ मध्ये मांडलेला हिशोब एवढाच, आणि त्याचा आलेख सरळ रेषा येतो.

मात्र ही रेषा वारंवारतेवर काढायची, तरंगलांबीवर नाही. प्रकाशाच्या वेगाला तरंगलांबीनं भागलं की पहिली वारंवारता ८२२ टेराहर्ट्झ येते आणि चौथी ५४९. मधल्या २७३ टेराहर्ट्झमध्ये व्होल्टेज १.१२ नं बदलतं, म्हणजे दर १०० टेराहर्ट्झला ०.४१ व्होल्ट. मधले दोन बिंदूही याच रेषेवर बसतात. ५४९ वर ०.१६ व्होल्ट उरले आहेत; ते शून्यावर यायला आणखी ३९ टेराहर्ट्झ खाली उतरावं लागतं. म्हणून थ्रेशोल्ड फ्रिक्वेन्सी ५१० टेराहर्ट्झ आणि वर्क फंक्शन सुमारे २.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट.

खरी गंमत पाचव्या ओळीत आहे. ६९०७ ची वारंवारता ४३४ टेराहर्ट्झ, उंबरठ्याच्या बरीच खाली. तिथे इलेक्ट्रॉन सुटतच नाहीत, मग अडवायचं कोणाला? ते शून्य या रेषेवरचं माप नव्हेच. आकडा दिलाय म्हणून पहिल्या बिंदूपासून थेट त्याच्यापर्यंत रेषा ओढली, तर उतार पाचव्या हिश्शानं घटतो आणि वर्क फंक्शन १.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट निघतं. चूक लगेच उघडी पडते. त्या हिशोबानं हिरव्या रेषेला ०.३८ व्होल्ट लागायला हवेत. कोष्टक सांगतं ०.१६.

आणखी एक गोष्ट गणितात सहसा सांगत नाहीत. प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन देणारी आणि गोळा करणारी पट्टी वेगळ्या धातूंच्या असल्या, तर त्यांच्यातला संपर्क विभव स्टॉपिंग पोटेन्शियलच्या सगळ्या आकड्यांना सारखाच सरकवतो. उतार तसाच राहतो, म्हणून त्यातून काढलेल्या प्लांकच्या स्थिरांकाला धक्का लागत नाही. पण रेषा शून्याला जिथे छेदते ती जागा हलते, आणि ही दुरुस्ती केली नाही तर रुबिडियमचं म्हणून लिहिलेलं वर्क फंक्शन प्रत्यक्षात समोरच्या पट्टीचं निघतं.