घशात गोळा वाटतो, पण घास अडत नाही. ‘ग्लोबस’ म्हणजे नेमके काय?

घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते. दुखत नाही, पण कितीही आवंढे गिळले तरी तो गोळा खाली उतरत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेहमी येणाऱ्या या तक्रारीला वैद्यकशास्त्रात ‘ग्लोबस’ म्हणतात. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थच गोळा असा आहे. पूर्वी तिला ‘ग्लोबस हिस्टेरिकस’ म्हणत आणि तो स्त्रियांच्या मनाचा खेळ समजला जाई. हा समज अन्यायकारक होता. संवेदना खरी असते. नसतो तो गोळा.

कंठमण्याच्या खाली, अन्ननलिकेच्या तोंडाशी एक स्नायू असतो. एरवी तो आवळलेला राहतो आणि गिळताना क्षणभर सैल होतो. मानसिक ताणात त्याची पकड वाढू शकते. रडू आवरताना कंठ दाटून येतो, तो अनुभव याच जातीचा. दुसरे कारण जठरातील आम्ल वर येण्याचे. हे आम्ल घशाच्या अस्तराला चुरचुरवते. ते घशापर्यंत न पोहोचताही अन्ननलिकेच्या खालच्या भागातील चेतनेमुळे वरचा स्नायू आवळला जातो, असे मानले जाते. त्यामुळे छातीत जळजळ नसतानाही गोळा जाणवू शकतो.

उदाहरणादाखल चाळिशीतील एक शिक्षिका घेऊ. परीक्षेच्या दिवसांत त्या रात्री उशिरा जेवून लगेच आडव्या होतात. घशात गोळा जाणवतो, कर्करोगाची शंका मनात येते आणि त्या दिवसभर खाकरत, आवंढे गिळत राहतात. लाळ संपली की कोरडा आवंढा गिळणे अवघडच. त्यामुळे गोळ्याची जाणीव आणखी तीव्र होते. दुपारी पोळी-भाजी खाताना मात्र गोळा नाहीसा होतो. निदानाची मोठी खूण हीच. खरा अडथळा असता, तर घासच अडला असता.

डॉक्टर मान चाचपतात, गरजेनुसार नाकावाटे बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात. काही न आढळल्यास खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घेण्याचा आणि जेवण व झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवण्याचा सल्ला देतात. आम्लपित्ताची लक्षणे असतील तर काही आठवडे आम्ल कमी करणारी औषधे दिली जातात. त्यांचा गुण सर्वांनाच येतो असे नाही. काहींना घसा व आवाजाच्या व्यायामांनी अधिक आराम पडतो. त्रास महिनोन्‌महिने येत-जात राहू शकतो.

मात्र घास अडणे, गिळताना दुखणे, एकाच बाजूला टोचणे, कानात कळ, तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला आवाज, मानेत गाठ, थुंकीत रक्त किंवा वजन घटणे ही ग्लोबसची लक्षणे नव्हेत. यांपैकी एकही असल्यास, विशेषतः तंबाखू किंवा गुटख्याची सवय असल्यास, तपासणी लांबवू नये.