रबाळ्याची शेड की महाप्याची नोकरी?

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत एमआयडीसीचा जो पट्टा पसरला आहे, त्यात मोठ्या कंपन्यांच्या पाट्यांआड शेकडो लहान शेड आहेत. त्यातल्या बऱ्याच शेडमध्ये सध्या एकच प्रश्न घोळतो आहे. वडिलांनी उभं केलेलं काम मुलांनी घ्यायचं, की समोरच्याच रस्त्यावरच्या काचेच्या इमारतीत नोकरी धरायची? घरात या प्रश्नावर बोलणं फार होतं, पण हिशेब क्वचितच मांडला जातो. तो कसा मांडायचा, ते एका उदाहरणावरून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत; प्रत्येकाने त्या जागी आपल्या वहीतले घालावेत.

रबाळ्याला एक मशीन शॉप आहे. पाच सीएनसी लेथ, दोन व्हीएमसी, चौदा कामगार. वडील आणि काका निम्म्या-निम्म्याचे भागीदार. मुलगी सत्तावीस वर्षांची, मेकॅनिकल इंजिनिअर. महाप्याच्या एका कंपनीने तिला वर्षाला ११ लाखांची ऑफर दिली आहे. वडील म्हणतात, "घरी ये, महिना चाळीस हजार घे, बाकी सगळं तुझंच आहे."

आधी बाहेरचे ११ लाख उलगडू. मूळ पगार निम्मा धरला, तर कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची तरतूद याच आकड्यात धरलेली असते. ती वजा केली, मग तिच्या पगारातून कापला जाणारा निधी आणि व्यवसाय कर वजा केला, की दरमहा साधारण ७८ हजार हातात येतात. नव्या कररचनेत या उत्पन्नावर २०२५-२६ साठी आयकर लागत नाही. दोन्ही बाजूंचे मिळून अकरा हजार दरमहा निधीत पडत राहतात, तेही तिचेच.

घरचे चाळीस हजार मात्र असे सरळ मोजता येत नाहीत, कारण त्यांच्यामागे "बाकी सगळं तुझंच" आहे. हे "बाकी सगळं" म्हणजे नेमकं काय, याचा शोध घ्यायला हवा. समजा, वीज, मजुरी, व्याज, घसारा सगळं जाऊन धंद्यात वर्षाला ३६ लाख उरतात. दोन्ही भावांनी अजून काही उचललेलं नाही. आकडा भरघोस वाटतो. पण शेड स्वतःच्या प्लॉटवर आहे, म्हणून भाडं लागत नाही. तीच तीन हजार चौरस फुटांची शेड दुसऱ्याला महिना १ लाख २० हजारांनी दिली असती, तर वर्षाला १४ लाख ४० हजार बसल्या जागी आले असते. ते जागेचं उत्पन्न आहे, धंद्याचं नाही. वडील आणि काका सकाळी आठ ते रात्री आठ उभे असतात. त्यांच्या जागी मॅनेजर ठेवला तर त्याला महिना ७५ हजार द्यावे लागतील. दोघांचे मिळून १८ लाख होतात. आता ३६ मधून हे दोन्ही वजा करा. उरतात ३ लाख ६० हजार, आणि मशीनमध्ये व पार्ट्यांच्या उधारीत अडकलेल्या पैशावरचा परतावाही त्यातच धरायचा आहे.

म्हणजे आज जसा चालला आहे तसा हा धंदा तिसऱ्या माणसाचा नऊ-दहा लाखांचा पगार सोसू शकत नाही. ती आली आणि काम तेवढंच राहिलं, तर तिचा पगार वडील-काकांच्या ताटातून जाणार. काकांच्या मनात जी अढी बसते तिची सुरुवात बहुधा इथेच होते, आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. नवी मुंबईत ही गोष्ट आणखी झाकली जाते. या पट्ट्यात डेटा सेंटर आली, जमिनीला भाव आला, त्यामुळे घर श्रीमंत दिसतं. पण ती श्रीमंती प्लॉटची आहे. प्लॉटचा वाटा मुलीला घरात काम केल्याने मिळत नाही आणि बाहेर नोकरी केल्याने जात नाही. तो वारसाहक्काचा वेगळा विषय आहे. एमआयडीसीची जमीन मुळात भाडेपट्ट्याची, बहुतेक ९५ वर्षांची. तिच्या हस्तांतरणाला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागतं. म्हणून "सगळं तुझंच" या वाक्यातून आधी जागा बाजूला काढावी आणि उरलेल्या धंद्याकडे पाहावं.

मग तिच्या येण्याला अर्थ कधी आहे? दोन्ही व्हीएमसी एकाच पाळीत चालतात. दुसरी पाळी लावली तर महिन्याचे पंचवीस दिवस, आठ तास, दोन मशीन मिळून ४०० तास मोकळे आहेत. सगळे भरणार नाहीत. साठ टक्के धरले तर २४० तास. ताशी ५०० रुपये जॉबवर्क मिळालं, तर १ लाख २० हजार. त्यातून ऑपरेटर, वीज, इन्सर्ट, रिजेक्शन असा निम्मा खर्च गेला, तर ६० हजार उरतात. वर्षाला ७ लाख २० हजार. तिचा पगार इथे आहे, वडिलांच्या मायेत नाही. तेव्हा घरी येण्याआधी तिने दोनच गोष्टी तपासाव्यात: ही पाळी भरेल एवढं काम आणणारी एखादी पार्टी डोळ्यांसमोर आहे का? आणि त्या पार्टीचे पैसे किती दिवसांत येतात? लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असा कायदा आहे. तरीही नव्वद दिवसांची उधारी या पट्ट्यात नवी नाही. तसं झालं तर दुसऱ्या पाळीचे पहिले तीन महिने पगार, वीज आणि टूलिंग खिशातून भरावं लागेल.

आता अधिकार. व्हिजिटिंग कार्डावर डायरेक्टर छापणं सोपं आहे. खरा अधिकार तीन ठिकाणी दिसतो: दर कोण ठरवतं, न विचारता किती रुपयांची खरेदी करता येते आणि माणूस ठेवायचा-काढायचा शब्द कुणाचा. ती एका पार्टीला ताशी ५०० चं कोटेशन पाठवते. संध्याकाळी त्या पार्टीचा परचेसवाला काकांना फोन लावतो, कारण वीस वर्षांची ओळख. काका म्हणतात, "अहो, तुमच्यासाठी चारशे वीस." दुसऱ्या दिवसापासून तिच्या कोटेशनला कुणी विचारत नाही. काकांनी वाईट हेतूने हे केलेलं नसतं, त्यांनी संबंध जपलेला असतो. पण वर मांडलेल्या हिशेबात ताशी ऐंशी रुपये गेले की महिन्याचे १९ हजार २०० गेले, म्हणजे तिच्या ६० हजारांतला जवळजवळ तिसरा हिस्सा. त्यामुळे सगळ्या धंद्याचा अधिकार मागण्यापेक्षा दुसऱ्या पाळीचा पूर्ण अधिकार मागणं शहाणपणाचं. त्या पाळीचे दर, त्यातले ऑपरेटर आणि महिन्याला पन्नास हजारांपर्यंतची खरेदी तिची. काकांकडे फोन आला तर त्यांनी तो तिच्याकडे द्यायचा. एवढं पाळलं जातं की नाही, हे चार-सहा महिन्यांत कळतं. कामगार सुट्टी मागायला तिच्याकडे येतात, की तिला "शेठना विचारून सांगतो" म्हणतात, ही खूणही पुरेशी बोलकी आहे.

शिकण्याच्या बाबतीत घर आणि नोकरी यांची सरळ तुलना होत नाही. घरच्या शेडमध्ये कॉस्टिंग, वसुली, जीएसटी, बिघडलेला स्पिंडल, रुसलेला ऑपरेटर, सगळं पहिल्याच वर्षी अंगावर येतं. महाप्याच्या कंपनीत हे दहा वर्षांतही दिसणार नाही. पण तेच वीस-पंचवीस पार्ट फिरून फिरून येत राहिले, की तिसऱ्या वर्षानंतर शिकणं आटतं आणि चूक दाखवणारं वरचं कुणी नसतं. मला विचाराल तर अशा मुलीसाठी सगळ्यात मोलाची नोकरी म्हणजे आपल्यासारख्या शेडकडून माल घेणाऱ्या कंपनीतली, तीही परचेस किंवा सप्लायर क्वालिटीमध्ये. तिथे दोन वर्षं काढली, तर मोठी कंपनी व्हेंडरला गुण कसे देते, कोणत्या कारणाने ऑर्डर काढून घेते आणि कोणत्या दराला गुपचूप हो म्हणते, हे आतून कळतं. महाप्याची ऑफर अशी असेल तर ती सोडू नये. ती नुसती ड्रॉइंगवर मापं टाकण्याची असेल, तर तिची ओढ कमी धरावी.

सगळ्यात कमी विचार होतो तो बाहेर पडण्याचा. नोकरी सोडायला महिना-दोन महिन्यांची नोटीस पुरते. घरात पगारावर असताना सोडणंही सोपं आहे, फक्त पुढच्या कंपनीला अनुभवाचा पुरावा लागतो. वडिलांच्या हातून रोख घेतलेले चाळीस हजार तिथे शून्य असतात. नेमणूकपत्र, बँकेतून पगार, पगाराची स्लिप आणि फॉर्म १६ पहिल्या महिन्यापासून हवेत. वीसपेक्षा कमी माणसं असल्याने या शेडला भविष्यनिर्वाह निधी सक्तीचा नाही, पण स्वेच्छेने लागू करून घेता येतो. नातेवाइकाला कामाच्या मानाने अवाजवी पगार दिला तर आयकर खातं तो खर्च अमान्य करू शकतं, म्हणून कामाचं स्वरूप लिहिलेलं असणं फर्मच्याही फायद्याचं.

भागीदार झाल्यावर मात्र चित्र पालटतं. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे करारात लिहिलेलं नसेल तर भागीदाराला कामाचा वेगळा मोबदला मागता येत नाही. फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकेकटा, पूर्णपणे जबाबदार असतो. नव्या भागीदारावर आधीचं देणं येत नाही, पण त्याच आठवड्यात बँकवाले सीसीच्या नूतनीकरणाला तिची वैयक्तिक हमी मागतात, आणि त्या सहीने जुनं कर्जही तिच्या अंगावर येऊ शकतं. फर्ममधून निवृत्त झाली तरी रीतसर जाहीर सूचना दिल्याशिवाय बाहेरच्यांच्या लेखी ती भागीदारच राहते. आणि हिशेब न चुकवता बाकीच्यांनी धंदा चालू ठेवला, तर करारात काही नसल्यास तिच्या हाती पर्याय दोन: तिच्या पैशामुळे झालेल्या नफ्यातला वाटा, नाहीतर वर्षाला सहा टक्के व्याज. मशीनची किंमत पुस्तकी धरायची की बाजारभावाने, यावरच मग भांडण अडतं. लिहून ठेवल्याने सगळंच मिटतं असंही नाही. किर्लोस्कर कुटुंबाने २००९ मध्ये लेखी समझोता केला होता. त्याच्याच अर्थावरून भाऊ न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मध्यस्थीचा मार्ग सुचवला.

या मुलीपुरतं माझं मत असं. काम देणारी पार्टी आज समोर नसेल तर तिने महाप्याला जावं; शेड कुठे पळत नाही. पार्टी असेल तर दोन वर्षं पगारावर यावं. चाळीस हजार ठरलेले, वर दुसऱ्या पाळीत उरणाऱ्या पैशाचा निम्मा भाग. पाळी ठरल्याप्रमाणे भरली तर तो तीस हजार होतो, म्हणजे एकूण सत्तर. महाप्यापेक्षा थोडं कमी, पण शिकणं जास्त. उरलेला निम्मा भाग दोघा भागीदारांचा, म्हणजे तिच्या ठरलेल्या चाळीस हजारांचा बराचसा भार त्यातूनच भागतो आणि काकांच्या ताटातून फारसं जात नाही. या दोन वर्षांत बँकेच्या कोणत्याही हमीवर सही नाही. मुदत संपेल ती तारीख नेमणूकपत्रातच लिहावी आणि त्या दिवशी भागीदारी की निरोप, हे ती किंवा फर्म, दोघांपैकी कुणीही कारण न देता ठरवू शकेल, असंही.

त्या कागदात आणखी एक कलम आत्ताच घालायला हवं. काकांचा मुलगा यंदा बारावीला आहे. उद्या तो येईल तेव्हा त्याला काय पगार, कोणतं खातं आणि किती वर्षं पगारावर, हे तिच्याच अटींवर असावं. तो येणार की नाही हे आज कुणालाच माहीत नाही, म्हणून आज ते कलम दोन्ही भावांना सारखंच रास्त वाटेल.